आठ झाडे, तेल्या शून्य

सांगोल्याच्या एका डाळिंबाच्या बागेत आठ झाडे तपासली आणि एकावरही तेल्याचा डाग दिसला नाही, असे समजा. कमाल लाइकलिहूडचे उत्तर सरळ आहे: रोगट झाडांचे प्रमाण शून्य. पावसाळी हवेत या उत्तरावर विसंबून फवारणी थांबवणारा बागायतदार मिळणार नाही. लॉजिस्टिक मॉडेलमध्ये तर हेच शून्य गुणांकाला उणे अनंताकडे ढकलते आणि संगणक नुसता फेऱ्या मारत बसतो.

दोष पद्धतीचा नाही. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजमध्ये जेफ्रीझ यांचे विद्यार्थी होते. लाइकलिहूड समीकरणाचे सुसंगत मूळ एकच असते आणि तिथे कमालच असते, हे त्यांनी 1948 मध्ये सिद्ध केले. पण ते ठरावीक अटींखाली आणि नमुना वाढत जाताना. आठ झाडांबद्दल ते प्रमेय काहीच हमी देत नाही. त्यातून तेल्या शेजारच्या झाडावर पसरतो, म्हणजे एकाच ओळीतली आठ झाडे ही आठ स्वतंत्र निरीक्षणेही नव्हेत.

मग रोगट झाडांच्या प्रमाणाबद्दलचा, म्हणजे p बद्दलचा, परिसराचा अनुभव प्रायर म्हणून घालू. बीटा(2, 8) घेतला, तर आठ निरोगी झाडांनंतर पोस्टिरियर बीटा(2, 16) होतो. त्याचे शिखर 1/16 वर, म्हणजे सव्वासहा टक्क्यांवर येते. आता हाच प्रायर आणि हीच झाडे ठेवून हिशेब लॉग-ऑड्सच्या मापात करा. माप बदलताना घनतेला p(1−p) ने गुणावे लागते, त्यामुळे शिखर सरकते आणि प्रमाण 2/18, म्हणजे सुमारे अकरा टक्के निघते. माहितीत काहीच बदल नाही, तरी अंदाज जवळजवळ दुप्पट. लाइकलिहूडचे उत्तर दोन्ही मापांत शून्यच राहते, आणि पोस्टिरियरची सरासरी p च्या मापात काढली तर तीही 2/18 येते.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक लेखांत प्रायरचा उल्लेखच नसतो, ‘रेग्युलरायझेशन वापरले’ एवढेच असते. पण पेनल्टी म्हणजे प्रायरचा ऋण लॉगच. लॉग-ऑड्सच्या मापात वरचा बीटा प्रायर म्हणजे दोन रोगट आणि आठ निरोगी काल्पनिक झाडे डेट्यात मिसळणे. p च्या मापात तीच एक आणि सात होतात. रिजमध्ये प्रायर शून्याभोवतीचा नॉर्मल असतो. वर्गांच्या बेरजेत λβ² मिळवले, तर λ = σ²/τ²; इथे σ² त्रुटीचे विचरण, τ² प्रायरचे. लॅसोत नॉर्मलच्या जागी लाप्लास येतो. λ क्रॉस-व्हॅलिडेशनने निवडला तरी τ बद्दल काहीतरी ठरवलेलेच असते, फक्त ते कोणी वाचत नाही.

म्हणून चलांची एकके सांगा. सोलापूरच्या रब्बी ज्वारीच्या मॉडेलमध्ये पाऊस मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये घातला की β दहापट होतो आणि त्याच λ ला रिजची पेनल्टी शंभरपट बसते. मग पावसाचा परिणाम ‘नगण्य’ निघाला, तर तो ज्वारीबद्दलचा निष्कर्ष नसेल.