शिवराई वाचताना : एक छायाचित्र पुरेसे नाही

१. शिवराईचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ही महाराजांच्या काळातील का?’ उत्तरेही तत्काळ येतात. माझे स्पष्ट मत असे, की एकाच छायाचित्रावरून असे उत्तर देऊ नये.

२. तांब्याच्या या नाण्यावर एका बाजूस ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र / पति’ असा लेख असतो. शिवछत्रपतींच्या नावाचे हे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते. म्हणजे केवळ नाव वाचून काळ ठरत नाही. तो ठरवण्यास अक्षरांचे वळण, शुद्धलेखन आणि वजन पाहावे लागते.

३. पहिली अडचण टांकसाळीतील आहे. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे कडेची अक्षरे नाण्यावर उमटतच नाहीत. अपेक्षित लेख ठाऊक असल्याने आपले डोळे ती परस्पर भरून काढतात. मग ‘सिव’ किंवा ‘सीव’ असलेले नाणेही आपण ‘शिव’ असेच वाचतो, आणि नाण्यांचे प्रकार ज्या भेदांवरून ओळखले जातात, ते भेदच पुसून टाकतो.

४. दुसरी अडचण प्रकाशाची. झिजलेल्या तांब्यावर अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची असते. समोरून फ्लॅश पडला की सारे सपाट दिसते. म्हणून प्रकाश बाजूने, अगदी तिरपा हवा; अक्षर वाचता येते ते त्याच्या सावलीमुळे.

५. मात्र प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेषेची सावली जवळजवळ पडतच नाही. प्रकाश वरून आला तर शिरोरेषा ठळक होतात, पण उभे दंड विरतात. ‘राजा’चे काने जातातच, शिवाय वेलांटीचा दंड अक्षराच्या आधी आहे की नंतर, हेही कळत नाही. ‘पति’ की ‘पती’ याचा निर्णय त्या दंडावरच अवलंबून असतो! प्रकाश डावीकडून घेतला की दंड दिसतात आणि शिरोरेषा फिकटतात. म्हणून काटकोनातील दोन दिशांनी प्रकाश देऊन दोन छायाचित्रे घ्यावीत.

६. ओरखडा आणि अक्षराची रेघ यांतील फरकही सावलीच सांगते. प्रकाश डावीकडून असेल तर उठावाच्या अक्षराची डावी कड उजळ आणि उजवी काळी दिसते. ओरखडा खोलगट असल्याने त्याचे नेमके उलट होते. प्रकाशाची दिशा नोंदवलेली नसेल, तर हा पडताळा घेता येत नाही.

७. वाचन लिहितानाही प्रामाणिकपणा हवा. शिलालेखांच्या अभ्यासकांप्रमाणे, न दिसणारे अक्षर चौकटी कंसात द्यावे : ‘श्री / [रा]जा / सि[व]’. जे दिसले ते कंसाबाहेर, जे गृहीत धरले ते आत. सोबत वजन आणि व्यास द्यावा.

८. इतके केल्यावरही काही शिवरायांचा काळ ठरणार नाही. तेव्हा ‘निश्चित सांगता येत नाही’ हेच योग्य उत्तर होय. त्याने नाण्याचे मोल उणावत नाही.