‘जे घडलं त्याबद्दल’

चार-पाच वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला मी मेसेज पाठवला होता: ‘तुला वाईट वाटलं असेल तर खरंच सॉरी.’ भानगड अशी होती की आम्ही दोघं मिळून करत असलेलं एक काम माझ्यामुळे रखडलं आणि ग्रुपवर मी ते तिच्यामुळे रखडल्याचं सुचवलं. सरळ लिहिलं नाही, सुचवलं. ते जास्त सोपं असतं. तिचं उत्तर आलं, ‘वाईट वाटायचं काम माझं होतं, ते मी केलं. त्याची माफी तू का मागतोयस? तू जे केलंस त्याचं काय?’

मला राग आला होता. मनापासून तर लिहिलं होतं! मनापासून होतंही, खोटं नव्हतं. माफीबद्दल बोलताना आपण सगळे याच खड्ड्यात पडतो. डोळ्यांत पाणी होतं का, आवाज कापत होता का, ‘दिल से’ होतं का, एवढंच बघतो. पण मनापासून वाईट वाटूनही माणूस आपली कातडी वाचवू शकतो. म्हणून माझं म्हणणं असं, की माफी खरी आहे का हे मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर शोधू नका. आजवर ज्या गोष्टीआड तो लपला होता, ती त्याने सोडली का, ते बघा.

हे नीट दिसेल असं एक उदाहरण आहे. माणूस एकच, ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून. प्रसंग दोन, आणि दोन्हींत ब्रिटिश सैन्याने निःशस्त्र लोकांवर केलेला गोळीबार.

पहिला प्रसंग उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला. 30 जानेवारी 1972 रोजी तिथे नागरी हक्कांसाठी मोर्चा निघाला होता. पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी 13 जण मेले, एक जखमी नंतर गेला. ‘ब्लडी संडे’ म्हणतात तो हाच. सरकारने घाईघाईने न्यायाधीश विजरी यांची चौकशी नेमली आणि एप्रिलमध्ये अहवालही आला. मेलेल्यांपैकी काहींनी बंदुका चालवल्याचा किंवा बॉम्ब हाताळल्याचा दाट संशय आहे, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे पोरगं तर गेलंच, वर ते अतिरेकी होतं असा सरकारी शिक्काही बसला. तो शिक्का घेऊन ती घरं 38 वर्षं जगली.

1998 मध्ये लॉर्ड सॅव्हिल यांची नवी चौकशी सुरू झाली. तिला बारा वर्षं लागली. 15 जून 2010 रोजी अहवाल आला आणि कॅमेरून संसदेत उभे राहिले. घडलं ते समर्थनीय नव्हतं आणि त्याचं समर्थन होऊच शकत नाही, असं ते म्हणाले. गोळी लागलेल्यांपैकी कुणापासूनही धोका नव्हता, आधी इशारा दिला गेला नव्हता, अनेक सैनिकांनी चौकशीत जाणूनबुजून खोटं सांगितलं, हे सगळं त्यांनी बोलून दाखवलं. मग सरकारच्या आणि देशाच्या वतीने माफी मागितली. तिकडे डेरीत गिल्डहॉलसमोरच्या चौकात मोठ्या पडद्यावर लोक हे बघत होते. नातेवाईक मंचावर आले, आपापल्या माणसाचं नाव घेऊन ‘निर्दोष’ म्हणाले. विजरी अहवालाची प्रत तिथेच टराटरा फाडली गेली.

त्या चौकात लोकांनी जल्लोष केला तो ‘सॉरी’ शब्दासाठी केला असेल असं मला वाटत नाही. 38 वर्षं ज्या खोट्याने सैन्याला वाचवलं होतं, ते खोटं सरकारने स्वतःच्या तोंडाने मागे घेतलं. त्याची किंमत सरकारने मोजली, आणि ज्यांचं नाव खराब केलं होतं त्यांना नाव परत मिळालं.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी 2013 चा. हेच कॅमेरून अमृतसरला, जालियनवाला बागेत आले. 13 एप्रिल 1919 ला जनरल डायरने इथे सुमारे दहा मिनिटं गोळीबार करवला. 1650 फैरी झाडल्या गेल्या, सरकारी आकड्यानुसार 379 माणसं मेली. मशीनगनवाल्या गाड्या बोळातून आत जाऊ शकल्या असत्या तर त्या वापरल्या असत्या का, असं चौकशी समितीने विचारल्यावर बहुधा वापरल्या असत्या, असं डायरने सांगितलं होतं. कॅमेरून यांनी पुष्पचक्र वाहिलं, मान झुकवली, अभ्यागतांच्या वहीत ‘अत्यंत लाजिरवाणी घटना’ असं लिहिलं. माफी मागितली नाही. त्यांचं म्हणणं, हे माझ्या जन्माच्या चाळीसेक वर्षं आधी घडलं, आणि माफी मागायला इतिहासात मागे मागे जाणं बरोबर नाही.

बरं, डेरीत गोळ्या चालल्या तेव्हा हे गृहस्थ पाच वर्षांचे होते. त्याही पापात त्यांचा हात नव्हता. मग 2010 मध्ये ते कोण म्हणून बोलले? ज्या सरकारने गोळ्या झाडल्या आणि मग खोटं बोललं, त्याच सरकारचे प्रमुख म्हणून. संस्था मरत नाही. तिला जुनी इमारत, जुनी परंपरा, जुनी शान हवी असेल, तर जुनं देणंही तिच्याच खात्यावर असतं.

2019 मध्ये शताब्दीच्या तोंडावर थेरेसा मे संसदेत बोलल्या. ही शोकांतिका म्हणजे ‘ब्रिटिश-भारतीय इतिहासा’वरचा लाजिरवाणा डाग आहे, आणि जे घडलं व जो त्रास झाला त्याबद्दल तीव्र खेद वाटतो. हे वाक्य सावकाश वाचा. गोळ्या झाडणारं कुणी नाही. ‘घडलं’, जसा पाऊस पडतो. ‘त्रास झाला’, जशी सर्दी होते. आणि डाग दोघांच्या सामाईक इतिहासावर, जणू अर्धा आपणही लावला होता! आदल्याच दिवशी त्यांच्या सरकारचे मंत्री मार्क फील्ड यांनी खरं कारण बोलून टाकलं होतं. माफी मागितली तर त्याचे आर्थिक परिणाम होऊ शकतात, याचा विचार सरकारी खात्यांना करावा लागतो. निदान हा माणूस प्रामाणिक तरी निघाला.

मराठीत याला नेमका शब्द आहे, दिलगिरी. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ हे वाक्य आपल्या पुढाऱ्यांना तोंडपाठ असतं. त्यातल्या ‘तर’ने गुन्ह्यावरच शंका घेतली, आणि ‘भावना’ने गुन्हा समोरच्याच्या मनात नेऊन ठेवला. आपण सामान्य माणसंही ‘चूक झाली’ म्हणतो. चूक जणू स्वतःच चालत आली.

यावर कुणी म्हणेल, डेरीच्या माफीने तरी काय झालं? प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी गोळ्या झाडणाऱ्या एका सैनिकावर खटला उभा राहिला, त्याचं नाव कोर्टाने गुप्त ठेवलं, आणि 2025 मध्ये तो निर्दोष सुटला. माफीने न्याय मिळाला नाही, आणि ज्यांना तो हवा होता त्यांनी माफ करायलाच हवं होतं असंही नाही. पण ‘तुमचा मुलगा बॉम्ब घेऊन आला होता’ असं म्हणायची सोय मात्र सरकारला उरली नाही. अमृतसरच्या बाबतीत ‘घडलं’ म्हणायची सोय अजून शिल्लक आहे.

माझ्या मैत्रिणीला मी नंतर तीन मोठे मेसेज लिहिले. तिने एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटी ज्या ग्रुपवर सुचवलं होतं तिथेच लिहिलं, की काम माझ्यामुळे रखडलं होतं आणि मी ते तिच्यावर ढकललं होतं. लिहिताना हात जड झाला होता, कारण त्या ग्रुपवरची दोन माणसं मला पुढचं काम देणार होती. त्यांनी ते दिलं नाही. मैत्रीण आता बोलते माझ्याशी, पण पूर्वीसारखं नाही.