उताऱ्याचा हट्ट

झोपेच्या गोळ्या जास्त घेतलेल्या माणसाला कॅज्युअल्टीत आणले की नातेवाइकांची मागणी ठरलेली असते. ‘डॉक्टर, याच्यावर उतारा असतो ना, ते इंजेक्शन आधी द्या.’ हल्ली इंजेक्शनचे नावही मोबाइलवर शोधून आणलेले असते: फ्लुमाझेनिल. उतारा असून डॉक्टर देत नाहीत म्हटल्यावर आवाज चढतात, हलगर्जीपणाचा आरोप होतो आणि एखादा नवखा डॉक्टर दबावाखाली सुई हातात घेतोही. नातेवाइकांचे चूक म्हणावे तर विषावर उतारा मागणे हे कोणालाही सुचणारे शहाणपण आहे. इथे मात्र ते जिवावर बेतू शकते आणि त्याचे कारण मेंदूतल्या एका दारापाशी आहे.

हे दार म्हणजे चेतापेशीच्या आवरणातला गाबा-ए ग्राही. पाच प्रथिनांचे तुकडे कडे करून उभे राहिल्यासारखी त्याची रचना असते आणि मधोमध क्लोराइडसाठी वाट असते. मेंदू स्वतःच गाबा नावाचे रसायन सोडतो. ते ग्राहीच्या ठरलेल्या दोन जागी बसले की वाट काही मिलिसेकंद उघडते, ऋणभारित क्लोराइड आत शिरते आणि पेशी शांत होते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही बेंझोडायझेपिन गटाची औषधे गाबाच्या जागेला हात लावत नाहीत. त्यांची बसण्याची खाच शेजारच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात आहे. तिथे बसून ती एवढेच करतात की तेवढ्याच गाबाने दार अधिक वेळा उघडते. गाबा नसेल तर ती एकट्याने दार उघडू शकत नाहीत. मेंदू जेवढा गाबा सोडेल तेवढ्यावरच त्यांची मजल संपते. म्हणून केवळ याच गोळ्या घेतलेला माणूस गाढ झोपतो, पण बहुधा मरत नाही. सोबत दारू किंवा अफूच्या जातीचे औषध असले की हिशेब बदलतो.

बार्बिट्युरेटची जात वेगळी. फिट्सच्या रुग्णाला दिली जाणारी फिनोबार्बिटोनची गोळी आणि भूल देताना वापरले जाणारे थायोपेंटोन ही त्यातली आपल्याकडची परिचित नावे. यांची जागा त्याच ग्राहीवर, पण आवरणात रुतलेल्या भागात आहे. ती दार अधिक वेळा उघडत नाहीत. उघडलेले दार कितीतरी जास्त वेळ उघडे धरून ठेवतात. मात्रा वाढली की गाबाची वाटही पाहत नाहीत, दार स्वतःच उघडतात. शिवाय पेशीला उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटच्या ग्राहींनाही दाबतात. त्यामुळे बेंझोडायझेपिनच्या परिणामाला जशी वरची मर्यादा आहे तशी यांना नाही. झोप, बेशुद्धी, श्वास थांबणे हा उतार सलग आहे. १९६० मध्ये बेंझोडायझेपिन बाजारात आल्यावर झोपेसाठी बार्बिट्युरेट देणे मागे पडत गेले, त्याचे मोठे कारण हेच.

फ्लुमाझेनिल बसते ते फक्त बेंझोडायझेपिनच्या खाचेत. ते स्वतः दारावर जवळजवळ काहीच परिणाम करत नाही. जागा अडवते आणि आधीच्या पाहुण्याला उठवते, एवढेच. झोल्पिडेमही त्याच खाचेतले, म्हणून त्याच्यावरही ते चालते. फिनोबार्बिटोन आणि दारू यांच्यावर मात्र त्याचा उपयोग शून्य, कारण त्यांचा ठिय्या वेगळीकडे आहे. आता हा उतारा कोणाला चालतो आणि कोणाला नाही, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, ६६ वर्षांच्या एक बाई रात्री झोप यावी म्हणून सहा वर्षे अल्प्राझोलाम घेत आहेत. सुरुवात ०.५ मिलिग्रॅमच्या एका गोळीने झाली होती, पुढे दोन लागू लागल्या. घरात भांडण झाले आणि त्यांनी पंधरा गोळ्या घेतल्या. कॅज्युअल्टीत आणल्या तेव्हा पेंगेत आहेत, मोठ्याने हाक मारली की डोळे उघडतात, जीभ अडखळते. नाडी ७८, रक्तदाब ११०/७०, श्वास मिनिटाला १४. मुलगा उताऱ्यासाठी अडून बसला आहे.

या बाईंच्या मेंदूने सहा वर्षांत स्वतःची फेररचना करून घेतलेली आहे. रोज दार अधिक उघडते म्हटल्यावर ग्राहींचा प्रतिसाद बोथट होतो आणि उत्तेजित करणारी बाजू जोर वाढवते. गोळी घेतली की तोल राहतो. अवलंबित्व म्हणतात ते हेच. त्यात व्यसनी स्वभावाचा काही संबंध नसतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे नेमाने गोळी घेणाऱ्यालाही ते होते. अशा बाईंना शिरेतून ०.२ मिलिग्रॅम फ्लुमाझेनिल दिले तर एक-दोन मिनिटांत त्या खडबडून जाग्या होतील. मुलाचे समाधान होईल. पण जे औषध सुटायला आठवडे लागायला हवेत ते दोन मिनिटांत काढून घेतल्यासारखे झाले. घबराट, थरथर, घाम आणि मग फिट. फिट थांबवायला नेहमीप्रमाणे लोराझेपाम द्यावे, तर त्याची खाच फ्लुमाझेनिलने अडवलेली. मात्रा बरीच वाढवावी लागते किंवा फिनोबार्बिटोन वापरावे लागते, कारण ते वेगळ्या जागी बसते. आणि तासाभरात फ्लुमाझेनिल ओसरले की पोटातल्या पंधरा गोळ्या अधिक वरून दिलेली औषधे, असे सगळे मिळून श्वासावर येतात. घरून पेंगत आलेल्या बाई रुग्णालयात व्हेंटिलेटरवर जातात.

धोका एवढाच नाही. नैराश्याच्या रुग्णाच्या कपाटात अ‍ॅमिट्रिप्टिलीनही असते आणि तीही सोबत घेतली गेलेली असू शकते. अ‍ॅमिट्रिप्टिलीनने फिट येते, हृदयाचे ठोके बिघडतात. बेंझोडायझेपिन त्या फिटला एका परीने अडवून धरत असते. उतारा देऊन तो अडसर आपणच काढायचा का? म्हणून गोळ्यांची माहिती अपुरी असताना ईसीजी काढून त्यात क्यूआरएस रुंदावले आहे का, हे पाहणे उताऱ्यापेक्षा कामाचे.

मग या बाईंचे करायचे काय? कुशीवर वळवायचे, साखर तपासायची, ईसीजी काढायचा आणि श्वासाकडे लक्ष ठेवायचे. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबून हे होत नाही. ऑक्सिजन चालू असेल तर आकडा ९८ दाखवत राहतो आणि श्वास मंदावून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. छाती किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावे लागते. श्वास कमी पडला तर आधार द्यायचा. गोळी उतरली की, बहुतेकदा दिवसभरात, त्या आपोआप जाग्या होतात.

हे ‘काहीच न करणे’ नव्हे, आणि इतिहास याला साक्ष आहे. बार्बिट्युरेटच्या विषबाधेत एके काळी रुग्णाला जागे करण्यासाठी पिक्रोटॉक्सिनसारखी उत्तेजक औषधे टोचत. पिक्रोटॉक्सिन करते काय, तर क्लोराइडची तीच वाट बुजवते. उतारा म्हणून याहून चोख काय असणार? प्रत्यक्षात रुग्णांना झटके येत आणि वीसेक टक्के दगावत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कोपनहेगनमध्ये कार्ल क्लेमेसेन यांनी उत्तेजके बाजूला सारून श्वासमार्ग, श्वास आणि रक्तदाब सांभाळण्यावर सगळा भर दिला. मृत्यूंचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आले. बार्बिट्युरेटवर आजही उतारा नाही. फिनोबार्बिटोन असेल तर सक्रिय कोळशाच्या पुन्हा पुन्हा मात्रा आणि गरज पडल्यास डायलिसिस यांनी औषध शरीराबाहेर लवकर काढता येते, बाकी सारी काळजी श्वासाचीच.

फ्लुमाझेनिल निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. एंडोस्कोपीसाठी मिडाझोलाम दिले, ते जास्त झाले आणि ज्याला या गोळ्यांची सवय नाही असा माणूस श्वास घेईना, तर ०.२ मिलिग्रॅम, मिनिटाने पुन्हा तेवढेच, असे करत एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत देतात आणि ते उत्तम काम करते. आजीच्या डब्यातल्या गोळ्या गिळलेल्या छोट्या नातवालाही विचारपूर्वक देता येते. सवय नाही याची खात्री, ही पहिली अट. दुसरी अट थांबण्याची. उताऱ्याचा अंमल तासाभराचा, तर डायझेपाम आणि त्याचे शरीरात तयार होणारे रूप दिवसचे दिवस टिकते. जागा झाला म्हणून घरी सोडलेला रुग्ण रिक्षात पुन्हा झोपी जाऊ शकतो.

घरी आल्यावर दुसरी चूक घडते, आणि ती चांगल्या हेतूने. मुले उरलेल्या सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकतात, ‘आई, आजपासून बंद’ म्हणून बजावतात. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर जाते, त्यामुळे एक-दोन दिवसांतच झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो आणि फिटही येऊ शकते. म्हणजे फ्लुमाझेनिलने दोन मिनिटांत घडले असते तेच इथे सावकाश घडते. सवयीची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी, दोन-चार आठवड्यांच्या टप्प्यांनी उतरवतात. जुनी सवय असेल तर काही महिने लागतात. तोवर डबा कुलपात ठेवून रोजची मात्रा घरच्या कोणी हातात द्यावी.

मालेगावात अल्प्राझोलाम ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाते, तेव्हा बातम्या छाप्यांच्या येतात. पकडलेला तरुण रोज मूठभर गोळ्या खाणारा असेल तर कोठडीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला फिट येऊ शकते आणि ती नाटक म्हणून सोडून देण्यासारखी नसते. पोलिसांनी अशा आरोपीची सवय पहिल्याच वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घातली पाहिजे. केमिस्टचीही सुटका नाही. २०१४ पासून या गोळ्या एच-१ अनुसूचीत आहेत. रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे, ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे पट्ट्या मिळत असतील, तर वही कोणासाठी ठेवली आहे?

कॅज्युअल्टीत पोचलेल्या नातेवाइकांनी उताऱ्यासाठी भांडण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. गोळी किती वर्षांपासून चालू आहे ते संकोच न करता खरे सांगावे. आणि घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, उशीखालच्या रिकाम्यासुद्धा, सोबत आणाव्यात.