दादा, बरं वाटायला लागेल तेव्हा

दादा,

उद्यापासून तुझ्या टीबीच्या गोळ्या सुरू. ‘सहा महिने काय, हां हां म्हणता जातील,’ असं तू काल म्हणालास. जातीलही. पण मला धास्ती आहे ती तुला बरं वाटायला लागेल त्या दिवसांची. काही आठवड्यांत ताप उतरेल, भूक लागेल आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे तू म्हणशील, झालं की आता! बहुतेक जंतू सुरुवातीलाच मरतात. उरलेले मात्र सुस्त पडून राहतात, त्यांना गाठायलाच पुढचे महिने लागतात. मधेच सोडलंस तर तेच उठतात, कधी कधी औषधाला न जुमानणारे होऊन.

पहिले दोन महिने रोज चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या किती, ते वजनावर ठरतं. लघवी केशरी झाली तर घाबरू नकोस, तो रिफाम्पिसिनचा रंग. पण उलट्या थांबेनात, जेवणावरची वासना उडाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा ओळखू येईना, तरीही. गोळ्या चालू की बंद, ते डॉक्टर सांगतील, आपण नाही.

आणि भजनी मंडळ तूर्त बंद. राग येईल, पण बंद खोलीत गाताना जंतू हवेत जास्त पसरतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तू नुसतं ऐकायचं.

म्हणून पेनड्राइव्हवर कुमार गंधर्व भरून पाठवतेय. त्यांनाही टीबीच झाला होता. १९४८ च्या सुमारास ते देवासला राहायला गेले. गायला मनाई होती आणि काही वर्षं अंथरुणावरच गेली. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवीनच आलेलं, ते त्यांना लागू पडलं. गळा बंद होता, पण कान उघडे होते. माळव्याची लोकगीतं ते पडल्या पडल्या ऐकत राहिले आणि पुढे तीच त्यांच्या गाण्यात आली. फुप्फुसावर आजाराची खूण राहिली होती. दमसासाच्या लांबलचक तानांऐवजी छोट्या, नेमक्या जागा घेणारी त्यांची गायकी अनेक जाणकार याच्याशी जोडतात. कबीराची निर्गुणी भजनं लावशील तेव्हा सूर कुठे सोडलाय आणि पुन्हा कुठे धरलाय, तेवढं बघ. जोर कुठेच नाही, तरी ढिलाईही नाही.

दुसरा महिना संपला की थुंकी तपासायची आहे. रिपोर्ट स्वच्छ आला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की मंडळात खुशाल जा. त्यानंतर एखाद्या एकादशीला तू ठणठणीत असशील, सगळे तुला टाळ घेऊन पुढे बसवतील आणि त्या गडबडीत गोळी राहून जाईल. म्हणून वहिनीला सांगून ठेवलंय, आधी गोळी, मग टाळ.

तुझी,
धाकटी