जयंतीतला आवाज, अर्धशिशी आणि निष्ठेची परीक्षा



"ताई, गणपतीत तुमचं डोकं दुखत नाही, आपल्याच जयंतीत कसं दुखतं?"

दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या रात्री आमच्या मंडळातल्या एका कार्यकर्त्याने मला हा प्रश्न विचारला. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीतून मिरवणूक निघून दीड तास झाला होता. पुढे बेंजो, मागे डीजेची गाडी. तिसऱ्या वळणावर माझ्या डाव्या डोळ्यामागे ठोके पडू लागले, दिवे टोचू लागले आणि मी विहाराच्या मागे जाऊन उलटी केली. परत आले ती थेट घरी जायलाच. जाताना हा प्रश्न कानावर पडला.

खरं उत्तर अगदी साधं होतं. गणपतीतही दुखतं. फक्त तेव्हा मी दारं-खिडक्या लावून घरात बसते, आणि तिथे का नाही म्हणून मला कोणी जाब विचारत नाही. जयंतीत मला असायचंच असतं, म्हणून तिथलं दुखणं दिसतं.

पण त्या प्रश्नामागे एक जखम आहे, ती नाकारून चालणार नाही. ज्या रस्त्यावर आपल्या आज्या-पणज्यांना मान वर करून चालता येत नव्हतं, त्या रस्त्यावर आज आपली गाणी वाजतात. नवरदेव घोड्यावर बसला, वरातीत भीमगीत लागलं, एवढ्यावरून मारहाण झाल्याच्या बातम्या आजही येतात. शिवाय वर्षभर सगळे सण दणक्यात ऐकणाऱ्यांना ध्वनिप्रदूषण नेमकं एप्रिलमध्येच आठवतं, हाही आपला अनुभव आहे. म्हणून आवाजाबद्दल कोणी बोललं की पोरांना वाटतं, हाही त्यांचाच माणूस.

मी त्यांचा माणूस नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: आवाजावरचा आपला हक्क ही एक गोष्ट, आणि तो आवाज माझ्या मेंदूत काय करतो ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीवरून पहिल्यावरची निष्ठा मोजू नका.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हा नुसता डोकेदुखीचा प्रकार नाही. तो मेंदूच्या संवेदनशीलतेचा आजार आहे. आवाज, उजेड, वास यांची दखल इतरांचा मेंदू थोड्या वेळाने कमी करतो. अर्धशिशी असणाऱ्याचा मेंदू ती सहज कमी करत नाही. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो. दुखणं बहुधा एका बाजूला, ठोके पडल्यासारखं असतं. चाललं की वाढतं, मळमळतं, आवाज आणि उजेड नकोसा होतो. ही लक्षणं असतील तर "उन्हाने झालं असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आता महत्त्वाचा मुद्दा. डीजे एकटा गुन्हेगार क्वचितच असतो. त्या दिवशी माझं काय झालं ते क्रमाने सांगते. आदल्या रात्री सजावटीच्या कामात दोन वाजले. सकाळी वंदना, मग रक्तदान शिबिराची धावपळ, दुपारचं जेवण राहिलं. एप्रिलमधली किनाऱ्यावरची दमट हवा, अंगातून घाम वाहतोय आणि पाणी प्यायला सवड नाही. संध्याकाळी जनरेटरचा धूर आणि डोळ्यांवर फिरणारे लेझर. अपुरी झोप, भूक, तहान, धूर, उजेड हे एकावर एक रचत गेले आणि शेवटची वीट आवाजाने ठेवली. म्हणून माझी तयारी आता कानापासून नाही, आदल्या रात्रीच्या झोपेपासून सुरू होते. दुपारी वेळेवर जेवते आणि पाण्याची बाटली खांद्याला असते.

मग येतो आवाज. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने मी डीजेपासून दहा पावलांवर मोजलं तर आकडा १०० डेसिबलच्या आसपास नाचत होता. फोनचा माईक इतक्या मोठ्या आवाजात अचूक राहत नाही, पण अंदाज येतो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या निओश या संस्थेने एक हिशेब दिला आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असं करत १०० वर आलात की उरतात फक्त १५ मिनिटं. आपली मिरवणूक पाच तास चालते.

हा हिशेब बहिरेपणाचा आहे, डोकेदुखीचा नाही. डोकं किती डेसिबलला उठेल हे माणसागणिक वेगळं असतं. पण ज्याचं डोकं कधीच दुखत नाही त्यानेही तो वाचावा. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहते, बोलणं कापसातून आल्यासारखं ऐकू येतं, ती कानाला इजा झाल्याची खूण आहे. सकाळी बरं वाटलं म्हणजे नुकसान शून्य झालं, असं नाही.

मी फोमचे इअरप्लग वापरते. मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात. पाकिटावर ३३ डेसिबल वगैरे लिहिलेलं असतं, पण तो प्रयोगशाळेतला आकडा. प्रत्यक्षात किती धरायचा? त्यातून ७ वजा करा आणि उरलेलं निम्मं करा. ३३ वजा ७ म्हणजे २६, त्याचे निम्मे १३. म्हणजे १०० चा आवाज माझ्या कानाशी ८७ झाला. वरच्या हिशेबाने ८७ ला साधारण ५ तास मिळतात. १५ मिनिटांचे ५ तास झाले. गाणं ऐकू येतंच, फक्त ते डोक्यात घुसत नाही.

पण बोळा नीट बसला तरच. आधी हात स्वच्छ हवेत. बोळा बोटांत दाबत-फिरवत सुरकुती नसलेली बारीक वळी करायची. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे कानाची वाट सरळ होते. मग बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरायचा, तो आत फुगतो. नीट बसल्याची खूण अशी: स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. समोरून पाहणाऱ्याला बोळा अर्धा बाहेर लोंबताना दिसला तर तो नुसता दागिना आहे. कापसाचा बोळाही तसाच, समाधान देतो, आवाज फारसा अडवत नाही.

मर्यादाही सांगते. डीजेचा बास छातीतून आणि हाडांतून जातो, त्याला कानातला बोळा पुरत नाही. तिथे उपाय एकच, अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवरून वीस मीटरवर गेलात की १२ डेसिबल कमी, जवळजवळ आणखी एका बोळ्याइतकं. अरुंद गल्लीत भिंती आवाज परत फेकतात, तिथे एवढा फरक पडत नाही. म्हणून गल्लीत मी गाडीच्या बरीच पुढे असते आणि चौकात थांबते. कानात बोळे असताना मागून गाडी आली, कोणी हाक मारली तर उशिरा कळतं, त्यामुळे सोबत एक मैत्रीण असतेच.

दुसरा उपाय शांत विसाव्याचा. आधी मी दुखायला लागल्यावर बाजूला जायचे आणि तोवर उशीर झालेला असायचा. आता घड्याळ लावते. पाऊण तास मिरवणूक, पंधरा मिनिटं शांतता. वाटेवरच्या ओळखीच्या घरात, रस्त्याच्या उलट बाजूच्या खोलीत, दिवा बंद करून बसते, पाणी पिते, चार घास खाते. हे प्रमाण माझ्या अनुभवाचं आहे, तुमचं वेगळं असेल. जांभया येणं, मान आखडणं, चिडचिड होणं या माझ्या आधीच्या खुणा आहेत. त्या दिसल्या की घड्याळाची वाटही पाहत नाही.

दोन सावधगिरी. बोळे गोंगाटापुरतेच. शांत घरातही दिवसभर घातले तर कान उलट जास्त नाजूक होतो आणि साधा आवाजही खुपायला लागतो. आणि गोळ्यांचा हिशेब ठेवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. एका क्षणात उसळलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान, बोलताना अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांत बोळा आणि विसावा काही कामाचा नाही. तडक दवाखाना गाठा.

आता मंडळाकडे वळते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संगीताच्या जागा आणि कार्यक्रमांसाठी मानक दिलं. त्यात सरासरी आवाज १०० डेसिबलच्या आत ठेवा, लोकांना कानाचं संरक्षण उपलब्ध करून द्या, शांत जागा ठेवा, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे मी मागते ती काही सवलत नाही. विहारातली एक खोली मिरवणुकीच्या वेळी शांत ठेवा, तिथे पाण्याचा माठ आणि चटई असू द्या. बॅनरच्या खर्चातून बोळ्यांचा एक डबा घ्या. डीजेच्या गाडीशेजारी रात्रभर चालणाऱ्या पोरांना ते आधी द्या, कारण सगळ्यात जास्त आवाज तेच खातात. बापाच्या खांद्यावर बसून स्पीकरच्या उंचीला आलेलं लेकरू मागे न्या. लहानग्यांच्या कानात फोम घालू नका, ते तोंडात घालतात. त्यांना कानावर बसणारे मफ लागतात.

२० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेच्या मंडपातून लोक चवदार तळ्याकडे रांगेने चालत गेले. डीजे नव्हता, तरी त्या पावलांचा आवाज अजून ऐकू येतो. आपला आवाज बंद करा, असं मी म्हणत नाही. तो ऐकायला वस्तीतली प्रत्येक बाई, म्हातारा, लेकरू शेवटच्या चौकापर्यंत टिकलं पाहिजे, एवढंच म्हणते.

गेल्या जयंतीला मी चार विसावे घेऊन पुतळ्यापर्यंत पोहोचले. प्रश्न विचारणारा तो कार्यकर्ता तिथेच भेटला. काही बोलला नाही, फक्त हात पुढे करून म्हणाला, "ताई, एक जोडी आहे का?"

जय भीम!