फुकट पुस्तकाची रांग

न्यूजर्सीतल्या आमच्या भिशीत हल्ली साड्यांपेक्षा 'तुझा नंबर कितवा?' हाच विषय जास्त रंगतो. नंबर कशाचा, तर लिबी या अ‍ॅपवरच्या पुस्तकाचा. गावच्या लायब्ररीचं कार्ड काढायचं, पत्त्याचा पुरावा द्यायचा, कार्डाचा नंबर अ‍ॅपमध्ये भरायचा, की ई-पुस्तकं फुकट. आठवड्याला एक पुस्तक वाचणाऱ्या बाईला ती विकत घेणं परवडायचं नाही. नवी कादंबरी पंधरा डॉलरच्या आसपास, म्हणजे महिन्याला साठ. एका पगारात घर चालवताना हे साठ डॉलर काढायचे कुठून?

पण फुकट म्हटलं की रांग आलीच. एका मैत्रिणीला हवी असलेली कादंबरी लिबीत दिसली, पण पुढे साठ माणसं. ती म्हणाली, "अगं, संगणकातलं पुस्तक ना ते? मग एकाच वेळी साठ जणींना द्यायला काय हरकत आहे?"

हरकत प्रकाशकांची आहे. कागदी पुस्तक लायब्ररी एकदा विकत घेते आणि पानं सुटेपर्यंत फिरवते. ई-पुस्तक तिला विकत मिळतच नाही. मिळतो तो परवाना, आणि एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. मोठ्या प्रकाशकांचे परवाने बहुतेक दोन वर्षांचे असतात, आणि गाजलेल्या पुस्तकाच्या एका परवान्याला पंचावन्न-साठ डॉलर पडतात. दोन वर्षं म्हणजे १०४ आठवडे. एक वाचक तीन आठवडे पुस्तक ठेवतो असं धरलं, तर साठ डॉलरमध्ये जेमतेम चौतीस जणांचं वाचून होतं. मग परवाना संपतो. पुन्हा पैसे भरा, नाहीतर पुस्तक यादीतून गायब! भाड्याच्या घरासारखंच म्हणायचं.

याहून कडक प्रयोगही झाला होता. मॅकमिलन या प्रकाशनानं नोव्हेंबर २०१९ पासून नियम केला, की नवं पुस्तक आल्यावर पहिले आठ आठवडे अख्ख्या लायब्ररी-जाळ्याला ई-पुस्तकाची एकच प्रत मिळेल. लायब्रऱ्यांनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२०मध्ये नियम मागे घेतला गेला. मेरीलँड राज्यानं २०२१मध्ये प्रकाशकांना रास्त अटींवर परवाने देणं बंधनकारक करणारा कायदा केला, तो २०२२मध्ये कोर्टानं रद्द ठरवला. कॉपीराइट हा केंद्राचा विषय, राज्यानं त्यात पडू नये, असं कोर्टाचं म्हणणं.

मैत्रिणीच्या साठ माणसांचा हिशेब मात्र लगेच मांडता येतो. पुस्तकाच्या पानावर प्रती किती तेही लिहिलेलं असतं. तिच्या लायब्ररीकडे दहा होत्या. साठ भागिले दहा म्हणजे प्रत्येक प्रतीमागे सहा जण. प्रत्येकानं दोन-तीन आठवडे घेतले तर बारा ते अठरा आठवडे. साठ आकडा बघून तिनं नाद सोडला होता, आणि दुसऱ्या एका पुस्तकाला पुढे फक्त आठ जण म्हणून खूश होती. पण त्याची प्रत एकच. म्हणजे ते चोवीस आठवड्यांपर्यंत लांबणार! तेव्हा माणसं नुसती मोजू नका, प्रती बघा.

दुसरी पंचाईत म्हणजे चार पुस्तकांचे नंबर एकदम लागतात. पाहुणे न सांगता एकाच दिवशी यावेत तसं. अशा वेळी Deliver Later हा पर्याय निवडावा. रांगेतली जागा जात नाही, पुस्तक तेवढं पुढच्याला मिळतं आणि आपण सांगितलेल्या मुदतीनंतर पुन्हा आपल्याकडे येतं. वाचून झालेलं पुस्तक मुदतीआधी परत केलं तर रांगही पुढे सरकते. बायका ते विसरतात, कारण दंड नसतो ना!

रांगच नको असेल तर हूपला नावाचं दुसरं अ‍ॅप आहे. तिथे मागितलं की लगेच मिळतं, कारण लायब्ररी प्रत्येक वेळी, प्रत्येक वाचकामागे पैसे मोजते. म्हणूनच महिन्याला ठरावीक पुस्तकांची मर्यादा असते, आणि लायब्ररीचा हात आखडला की पहिली कुऱ्हाड इथेच पडते. मार्च २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी लायब्रऱ्यांना केंद्राचा पैसा देणारी संस्था आटोपती घेण्याचा आदेश काढला. प्रकरण कोर्टात गेलं, पण मिसिसिपीच्या राज्य ग्रंथालय आयोगानं त्याच महिन्यात हूपला थांबवलं होतं. आमच्या गावीही महिन्याची मर्यादा आधीच कमी झाली आहे. त्यामुळे मी हूपलाची पुस्तकं महिनाअखेरीसाठी राखून ठेवते आणि लिबीत सहा-सात रांगा कायम लावलेल्या असतात. मराठी पुस्तकं मात्र या दोन्हींत शोधून दमायला होतं. ती अजून आईच भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत पाठवते.