दहापैकी दहा, बायका वगळून

स्वित्झर्लंडमधल्या बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला तो 7 फेब्रुवारी 1971 च्या सार्वमतात. त्याआधी 1959 साली हाच प्रश्न पुरुष मतदारांपुढे आला होता आणि तिघांपैकी दोघांनी तो धुडकावला होता. आता राज्यशास्त्रात सर्रास वापरली जाणारी 'पॉलिटी' ही आकडेवारी उघडा. उणे 10 ते अधिक 10 अशी तिची पट्टी. त्यात स्वित्झर्लंडला 1848 पासून थेट अधिक 10. 1970 सालीही 10 आणि 1972 सालीही 10. निम्मे प्रौढ नागरिक नव्याने मतदार झाले, तरी काटा जागचा हलला नाही. या आकड्याला लोकशाहीचं माप म्हणायला माझा साफ नकार आहे.

हे 10 गुण जमतात कसे ते बघा. सत्ताप्रमुख निवडणुकीतून येतो, 2 गुण. त्या पदाची वाट खुली आहे, 1 गुण. त्याच्यावर कायदेमंडळाचा तोडीस तोड अंकुश आहे, 4 गुण. राजकीय गटांमधली स्पर्धा मोकळी आहे, 3 गुण. मत कुणाला आहे, हे कुणी विचारतच नाही.

बचाव ठरलेला असतो: आम्ही फक्त संस्थांची रचना मोजतो. मग तसंच नाव द्या ना! जोव्हान्नी सार्तोरी या इटालियन अभ्यासकाने 1970 सालीच या रोगावर बोट ठेवलं होतं. जास्त देश कवेत घ्यायचे तर संकल्पनेतल्या अटी कमी कराव्या लागतात, आणि त्यात गैर काही नाही. पण अट गळाली की दावाही तेवढाच आखडता घ्यायला हवा. अटी सोडायच्या आणि दावा पूर्वीचाच ठेवायचा, ही संकल्पनेची ओढाताण झाली. पॉलिटीची आकडेमालिका 1800 पासून सुरू होते. सार्वत्रिक मताधिकाराची अट घातली तर एकोणिसाव्या शतकात लोकशाहीचा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. म्हणून काय रकाना भरण्यासाठी निम्मी माणसं गाळायची?

दुसरी खोट बेरजेची. बेरजेत एका बाजूची कमतरता दुसरीकडून भरून निघते. पण मताधिकार लोकशाहीसाठी अनिवार्य मानला, तर त्याचा गुणाकार करावा लागेल. ढोबळ हिशेब करा: 1970 च्या स्वित्झर्लंडचे 10 गुण, गुणिले मत असलेले साधारण निम्मे प्रौढ. उरले 5. संशोधक सहसा 6 पासून पुढे देशाला लोकशाही म्हणतात. म्हणजे एका हिशेबात आदर्श ठरलेला देश दुसऱ्या हिशेबात उंबरठ्याबाहेर उभा राहतो.

लोकशाही देश आपसांत युद्ध करत नाहीत, हा गाजलेला सिद्धांत याच गुणांवर वर्षानुवर्षं तपासला गेला आहे. तो शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझं सांगणं आहे: वर्गात आलेख दाखवण्याआधी स्वित्झर्लंडची 1970 आणि 1972 ची ओळ फळ्यावर लिहा, आणि मुलांना या 10 चा अर्थ विचारा.